सपोर्ट तुटला, मी बाहेर पडलो आणि तिथूनच शेअर वर गेला: हे आधी ओळखता आलं असतं का?

आंबाबाग_पावस

नमस्कार मंडळी. पावसला आमची कलमांची बाग आहे. मार्च ते मे मान वर करायला वेळ नसतो, त्यामुळे इंट्राडे माझ्या कामाचं नाही. वर्ष वर्ष एकाच पट्ट्यात फिरणारे शेअर शोधायचे, तळाशी घ्यायचे, वरच्या टोकाला विकायचे, एवढंच मी करतो.

गेल्या वर्षीचा एक सौदा मनातून जात नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्या शेअरवरच जाईल. शेअर ४१० वरून पाच महिन्यांत २३६ पर्यंत पडला. मग चौदा महिने २४० ते २९२ या पट्ट्यात फिरला. तळाजवळ आला तेव्हा मी २४६ ला घेतला आणि स्टॉप २३५ ला लावला. आठवड्याभरात एका सकाळी तो २३९ ला उघडला आणि सरळ खाली गेला. माझा माल २३४ ला विकला गेला. त्या दिवशी २२७ चा नीचांक झाला. दुसऱ्या दिवशी शेअर २४२ ला बंद झाला, आणि पुढच्या सात महिन्यांत ३९० दिसला.

स्टॉप लावणं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण ते तुटणं खरं की फसवं, हे त्या दिवशी कळण्यासारखं काही होतं का?

ब्रेकआउट_चिपळूण

भावा, याला स्प्रिंग म्हणतात. अक्युम्युलेशन फेज, म्हणजे मोठ्यांचं माल साठवणं, संपत आलं की हा येतो. ऑपरेटरना सगळ्यांचे स्टॉप कुठे आहेत ते दिसतं. ते भाव तिथपर्यंत ढकलतात, आपला माल घेतात आणि मग वर नेतात. मी तर आता सपोर्ट तुटला की विकत नाही, उलट घेतो. लांब रेंजमध्ये स्टॉप लावायचाच नाही.

हर्णै_बंदर

माका ह्यां वाचून एक विचारूचा हा. अक्युम्युलेशन म्हंजे आमी दर महिन्याक एसआयपी करतंव तांच ना? मी तीन वर्सां एकच शेअर थोडो थोडो घेतंय. मग माझो पण अक्युम्युलेशन फेज चालू आसा काय?

वहीवाला_मालवण

हर्णैकर, तुमचं घेणं तुमच्यासाठी साठवणंच आहे, पण इथे चाललेली गोष्ट वेगळी. तुम्ही महिन्याला दहा शेअर घेतलेत तर भावाला कळतही नाही. ज्याला वीस लाख शेअर हवेत त्याचं काय? तो एका दिवसात घ्यायला गेला तर भाव त्याच्याच खरेदीने वर पळेल. म्हणून त्याला महिने लागतात, आणि ते महिने चार्टवर आडव्या पट्ट्यासारखे दिसतात. तुमच्या एसआयपीचा चार्टवर काही ठसा उमटत नाही, त्यामुळे फेज हा शब्द तिथे लावू नका. एसआयपी चालू ठेवा, त्याचा हिशोब निराळा.

पावसकर, चौदा महिन्यांत शेअर जितक्या वेळा तळाशी आला, त्या प्रत्येक वेळचा भाव आणि व्हॉल्यूम इथे टाका. फक्त तुटलेल्या दिवसाचा नको. तो दिवस एकटा काही सांगत नाही.

काजूबी_वेंगुर्ला

वेंगुर्ल्याला आमचा काजूचा कारखाना आहे. मला शेअरमधलं फार कळत नाही, पण वहीवाले काका म्हणाले ते साठवणं आम्ही दरवर्षी करतो, म्हणून लिहिते.

वर्षभर कारखाना चालवायचा तर बी मार्च ते मे मध्येच घेऊन ठेवावी लागते. एका दमात मागितली तर आठवड्यात दर चढतो. म्हणून गावोगावचे छोटे व्यापारी थोडी थोडी आणतात, आणि दर चढला की आम्ही चार दिवस हात आखडतो. गावात नेहमी काही लोक असतात जे बी विकत नाहीत, दर वाढेल म्हणून पोत्यात भरून ठेवतात. मग मेच्या शेवटी वळवाचा पाऊस येतो. बी ओली झाली की काळी पडते, म्हणून ज्यांनी अडवून ठेवली होती ते सगळे एकाच आठवड्यात दारात उभे राहतात. दर सीझनमधल्या नीचांकाच्याही खाली जातो. आम्ही उरलेली सगळी तेव्हा घेतो. त्यानंतर बाजारात बी राहतच नाही, आणि जूनमध्ये कोणाला हवी असेल तर तो मागेल ती किंमत.

हे त्या स्प्रिंगसारखंच वाटतं मला.

वहीवाला_मालवण

ताई, तीस वर्षं चार्टच्या वह्या भरतोय, पण इतकं नेमकं उदाहरण मला सुचलं नव्हतं. यात ब्रेकआउट साहेबांचं उत्तरही आहे. तुमच्या कारखान्याने पाऊस पाडला नाही. माल अडवून बसलेले लोक घाबरले, आणि घेणारा तयार होता, एवढंच झालं. बाजारात सपोर्टखाली शेकडो लोकांचे स्टॉप असतात. तो भाव लागला की ते सगळे विक्रीचे सौदे होतात. कोणी मुद्दाम ढकललं असेल किंवा एखाद्या वाईट बातमीने ते झालं असेल. चार्टवरून ते कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. मुद्दाम भाव हलवणं सेबीच्या २००३ च्या नियमांनी गुन्हा आहे आणि अशी प्रकरणं पकडली जातात, हे खरं. पण प्रत्येक तुटण्यामागे ऑपरेटर बघायला लागलो की खरी विक्री दिसेनाशी होते.

चार्ट वाचण्याची ही पद्धत मांडणारा वायकॉफ म्हणायचा की सगळा बाजार जणू एकच माणूस चालवतोय असं समजून चार्ट वाचा. तसा माणूस आहे असं त्याचं म्हणणं नव्हतं. ती वाचण्याची एक रीत आहे.

ताईंच्या उदाहरणाला एक मर्यादा आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. पाऊस लागला की काजूचा सीझन संपला हे सगळ्यांना माहीत असतं. शेअरमध्ये माल संपला हे सांगायला पाऊस येत नाही. ते व्हॉल्यूमवरून ताडावं लागतं.

आंबाबाग_पावस

काका, काल रात्री बसून काढलं. रोजचा सरासरी व्हॉल्यूम त्या काळात साधारण ६ लाख होता.

पहिल्या मोठ्या पडझडीच्या दिवशी नीचांक २३६, बंद २५१, व्हॉल्यूम ४८ लाख. तिथून तीन आठवड्यांत २९२. महिन्याभराने परत २४३, तेव्हा १९ लाख. पाचव्या महिन्यात २४१, ११ लाख. अकराव्या महिन्यात २४४, ७ लाख. मग माझी खरेदी. तुटला त्या दिवशी नीचांक २२७, बंद २३४, व्हॉल्यूम १५ लाख. दुसऱ्या दिवशी बंद २४२, ९ लाख.

वहीवाला_मालवण

आता बघा. पहिल्या दिवशी ४८ लाख शेअर विकले गेले आणि तरी भाव नीचांकापासून १५ रुपये वर बंद झाला. म्हणजे घाबरून विकलेला तो माल कोणीतरी घेतला. तिथे पडझड थांबली आणि पट्टा सुरू झाला. पुढे प्रत्येक वेळी तळाशी आल्यावर विकणारे कमी होत गेले: १९, ११, ७. भाव जवळजवळ तोच, माल मात्र आटत चालला. चौदा महिन्यांतली सगळ्यात मोलाची माहिती हीच आहे. तुटण्याचा दिवस तिच्यापुढे दुय्यम.

तुटण्याच्या दिवशी १५ लाख. हा आकडा अडचणीचा आहे आणि मी तो लपवणार नाही. ७ नंतर १५ म्हणजे विक्री वाढली. पण ४८ च्या मानाने ती तिसऱ्या हिश्श्याहून कमी. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, माहीत नाही. वायकॉफच्या परंपरेत स्प्रिंगचे तीन प्रकार मानतात. खाली जाताना व्हॉल्यूम अगदी किरकोळ असेल तर लगेच घेता येतं. मध्यम असेल तर टेस्ट होईपर्यंत, म्हणजे भाव परत तळाकडे येऊन कमी व्हॉल्यूमवर थांबेपर्यंत, वाट बघायची. प्रचंड असेल आणि भाव खोल गेला असेल तर ती बहुधा खरीच मोडतोड असते. तुमचा शेअर मधल्या प्रकारात बसतो.

म्हणून आता एकच विचारतो. २४२ ला बंद झाल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत तो परत तळाकडे आला का? आला तर कुठे थांबला आणि व्हॉल्यूम किती?

ब्रेकआउट_चिपळूण

काका, एवढं थांबायचं कशाला? ४ जून २०२४ बघा. निकालाच्या दिवशी निफ्टी २१,२८१ पर्यंत गेला. मार्चपासूनचे सगळे तळ २१,७०० च्या वर होते, ते तुटले. बंद झाला २१,८८४ ला, म्हणजे परत पट्ट्यात. तीन दिवसांत २३,२९० आणि सप्टेंबरच्या शेवटी २६,२७७. टेस्ट कुठे झाली? थांबणारे बसून राहिले. मी त्या दिवशी दुपारी घेतलं होतं.

वहीवाला_मालवण

आकडे बरोबर आहेत, आणि तुम्ही पैसे कमावलेत त्याचा आनंद आहे. पण ते उदाहरण या प्रश्नाला लागू होतं का, याची मला शंका आहे. तो पट्टा तीन महिन्यांचा होता आणि मोठ्या चढणीच्या मध्येच आलेला, पडझडीच्या तळाशी नव्हे. शिवाय निर्देशांकाला स्वतःचा माल नसतो. पन्नास शेअरचा व्हॉल्यूम एकत्र करून तुम्ही कोणाची साठवण वाचणार? त्या दिवशी एका बातमीने पाडलं आणि दोन दिवसांत दुसऱ्या बातमीने उचललं. चित्र स्प्रिंगचं दिसतं, पण कारण तेच होतं असं मी म्हणणार नाही.

टेस्ट न होताच पळणारे शेअर असतात, हे मात्र कबूल. ते आपल्या हातून जातात.

ब्रेकआउट_चिपळूण

मला तो स्प्रिंगच वाटतो, चढणीतला असला म्हणून काय झालं. पण व्हॉल्यूमचा मुद्दा लक्षात आला.

सागरिका_दापोली

मी गेली चार वर्षं हे वाचून सौदे करते. माझा अनुभव उलटा आहे, आणि तो इथे यायला हवा, नाहीतर लोक प्रत्येक तुटणं स्प्रिंग समजतील.

माझा शेअर १५० वरून ५२० ला गेला होता. मग दहा महिने ४४० ते ५२० मध्ये फिरला. एका दिवशी ४३२ पर्यंत खाली गेला आणि दोन दिवसांत परत ४५० च्या वर आला. मी मनाशी म्हटलं, स्प्रिंग. भरपूर घेतलं. तो ४६१ पर्यंत गेला, तिथे आठवडाभर घुटमळला आणि मग ४४० तोडून गेला तो आलाच नाही. मी ४१८ ला सोडला.

नंतर चार्ट मागे नेऊन पाहिला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. तुटण्याच्या दोन महिने आधी शेअर ५३४ पर्यंत गेला होता, म्हणजे पट्ट्याच्या वर. मला तेव्हा तो ब्रेकआउट वाटला होता. पण त्याच आठवड्यात प्रचंड व्हॉल्यूमने तो परत ५२० च्या खाली आला. स्प्रिंगची उलटी बाजू, अपथ्रस्ट, ती हीच. वरच्या टोकाला घेणाऱ्यांना माल दिला गेला आणि मी त्याच घेणाऱ्यांमध्ये होते. दुसरी गोष्ट म्हणजे शेवटचे चार महिने वर जाताना व्हॉल्यूम कमी व्हायचा आणि खाली येताना वाढायचा. पावसकरांच्या शेअरमध्ये ते नेमकं उलट आहे.

आणि ४३२ वरून आलेली उसळी पट्ट्याच्या मध्यापर्यंतही गेली नाही. मध्य ४८०. त्या एका गोष्टीवर मी बाहेर पडायला हवं होतं.

वहीवाला_मालवण

सागरिकाताई, शेवटची ओळ मी वहीत लिहून घेतोय. मी उसळीचा व्हॉल्यूम बघायचो, मध्याचा हिशोब असा स्पष्ट कधी मांडला नव्हता.

वाचणाऱ्यांनी एक ध्यानात घ्या. हा पट्टा ३७० रुपयांच्या चढणीनंतर आला होता आणि पावसकरांचा १७४ रुपयांच्या पडझडीनंतर. पट्ट्याच्या आधी काय झालं ते पहिलं बघायचं. पण तेवढ्यावर निकाल लावता येत नाही, कारण चढणीनंतरचा पट्टा कधी कधी फक्त विसावा असतो आणि भाव परत वर जातो. निकाल पट्ट्याच्या आतल्या वागण्यावरच.

आंबाबाग_पावस

काका, टेस्ट झाली होती! मी तेव्हा रागाने तो शेअर यादीतून काढून टाकला होता, म्हणून पाहिलीच नाही. तुटल्यानंतर नवव्या दिवशी तो २३७ पर्यंत आला, २४० ला बंद झाला. व्हॉल्यूम ४ लाख. दिवसभराची हालचाल साडेचार रुपयांची.

वहीवाला_मालवण

तेच हवं होतं. २२७ च्या दहा रुपये वर थांबला, आणि रोजच्या ६ लाखांपेक्षाही कमी व्यवहार. नऊ दिवसांपूर्वी जिथे धावपळ झाली तिथे आता कोणी विकायलाच तयार नाही. ताईंच्या भाषेत, पोती रिकामी झाली.

आता हिशोब करू. दुसऱ्या दिवशी २४२ ला घेतलं असतंत आणि स्टॉप २२५ ला, म्हणजे स्प्रिंगच्या नीचांकाखाली, तर जोखीम शेअरमागे १७ रुपये. वरचं टोक २९२, म्हणजे ५० रुपयांची जागा. एका सौद्यात हजार रुपयेच घालवायचे ठरवलं असेल तर ५८ शेअर. तुमच्या मूळ सौद्यात जोखीम ११ रुपयांची होती, दिसायला कमी. पण तो स्टॉप सगळ्यांच्या स्टॉपच्या गर्दीत होता आणि टेस्ट झालेलीच नव्हती. ब्रेकआउट साहेब म्हणतात तसं स्टॉप काढून टाकणं हा इलाज नाही. सागरिकाताईंनी स्टॉप ठेवला नसता तर काय झालं असतं ते वर वाचा.

आणि २३४ ला विकलं याचं मनाला लावून घेऊ नका. ती विक्री बरोबर होती. राहून गेलं ते पुढचे पंधरा दिवस शेअरवर नजर ठेवणं.

काजूबी_वेंगुर्ला

आमच्याकडे एखाद्या वर्षी पाऊस लांबतो आणि तो घाबरून विकायचा आठवडा येतच नाही. अडवून ठेवणारे हळूहळू विकतात, दर खाली न जाता वर सरकतो. त्या वर्षी खालच्या दराची वाट बघणाऱ्या कारखान्यांना बी कमी पडते. शेअरमध्येही असं होतं का?

वहीवाला_मालवण

होतं, ताई, पुष्कळदा. स्प्रिंग न येताच बरेच शेअर पट्टा सोडतात. तेव्हा शेवटचा तळ आधीच्या तळांच्या वरच थांबतो. त्यासाठी दुसरी जागा असते. पट्ट्याच्या वरच्या बाजूला विक्रीची एक वाकडीतिकडी रेघ असते, वायकॉफची पद्धत शिकवणारे बॉब इव्हान्स तिला ओढा म्हणायचे. आपण व्हाळ म्हणू. भाव व्हाळ ओलांडून पलीकडे उडी मारतो आणि मग काठावर परत येऊन टेकतो. परत येताना व्हॉल्यूम कमी असेल तर तिथे घेता येतं. पावसकर, तुमच्या शेअरने २९२ ओलांडल्यावर असं काही केलं का?

आंबाबाग_पावस

हो. ३०४ ला गेला तेव्हा २२ लाख, मग २८९ ला परत आला तेव्हा ५ लाख. तिथून मग सरळ वर.

सागरिका_दापोली

व्हॉल्यूम वाचणाऱ्यांसाठी दोन खड्डे सांगते, मी दोन्हीत पडले आहे. एक, मोठा लाभांश निघाला की एक्स-डिव्हिडंडच्या दिवशी भाव आपोआप तेवढा खाली उघडतो. तळाजवळ असेल तर सपोर्ट तुटल्यासारखं दिसतं, पण ती विक्री नसते. दुसरा, बल्क डील. कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअर एकाच खात्याने एका दिवसात हलवले की एक्स्चेंजवर त्याची यादी येते. एखाद्या दिवसाचा ३० लाखांचा व्हॉल्यूम बघून आपण क्लायमॅक्स, म्हणजे घाबरून झालेली शेवटची मोठी विक्री, समजतो आणि तो निघतो दोन फंडांमधला सौदा. रोज रात्री एनएसईच्या यादीत बघून मगच आकडा वहीत लिहा.

डिलिव्हरीचे टक्केही लोक फार बघतात. मला त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. इंट्राडेवाले त्या दिवशी आले नाहीत तरी टक्का वाढतो, साठवण चालू असो वा नसो.

वहीवाला_मालवण

डिलिव्हरीबद्दल माझं मत वेगळं आहे. एका दिवसाचा टक्का निरुपयोगी, हे खरं. पण टेस्टच्या आसपास पंधरा दिवसांची डिलिव्हरी संख्येत, टक्क्यांत नव्हे, मांडून पाहिली तर मला तरी त्यात अर्थ सापडतो.

हर्णै_बंदर

मी माझो एसआयपीवालो शेअर उघडून बगलंय. दोन वर्सां ८० ते १०४ मदी आसा. गेल्या म्हयन्यात ७७ झालो आनि परत ८३. हो स्प्रिंग काय?

सागरिका_दापोली

७७ च्या दिवशीचा व्हॉल्यूम आणि त्या आधीच्या तळांचे व्हॉल्यूम टाका. आणि ८३ च्या पुढे गेला का, मध्य ९२ आहे.

हर्णै_बंदर

८६ पर्यंत गेलो. आता ८१. व्हॉल्यूम सांजेक बगून टाकतंय, आता होडी काढूची आसा.

आंबाबाग_पावस

मीही मागच्या पाच वर्षांतले माझे असे तीन सौदे काढले. दोनांत टेस्ट स्पष्ट दिसते. तिसऱ्यात टेस्टच्या दिवशी व्हॉल्यूम ८ लाख आहे, सरासरी ५ लाख, आणि तरी शेअर वर गेला. त्याचं काय करायचं ते कळत नाही.

वहीवाला_मालवण

त्या दिवशी बल्क डील होती का ते आधी बघा. नसेल तर आठवड्याचा चार्ट टाका, आपण सगळे मिळून बघू.